शाळेच्या गणवेशाला कापड किती लागतं आणि शिलाईसकट किती खर्च येतो?

प्रश्न: मुलगी सहावीत आहे. शाळेने नेव्ही ब्लू बॉक्स प्लेटचा स्कर्ट आणि पांढरा हाफ शर्ट सांगितलाय. दोन जोड शिवायचे आहेत. दुकानदार म्हणतो स्कर्टला तीन मीटर आणि शर्टला दोन मीटर लागेल. इतकं खरंच लागतं का? शिलाई धरून एकूण किती खर्च येईल?

उत्तर: दुकानदार खोटं सांगत नाही, पण तो एका जोडाचा हिशोब करून त्याला दोनने गुणतो. दोन्ही जोड एकत्र बेतले तर साधारण चार मीटर कापडात काम होतं: स्कर्टला दोन मीटर तीस सेंटिमीटर आणि शर्टला पावणेदोन मीटर. आमच्या कराडच्या भावाने दोन जोडांचा एकूण खर्च, शिलाई आणि बटण-चेन धरून, साधारण १८५० रुपये येतो. पुण्या-मुंबईत शिलाई जास्त पडेल. मी शिवणकाम करते, उन्हाळ्यात माझ्याकडे गणवेशांचंच काम असतं, म्हणून हिशोब सविस्तर मांडते.

कापड घेताना आधी पन्हा विचारा. स्कर्ट-पँटचं कापड बहुतेक ५८ इंच पन्ह्याचं येतं. शर्टाचं ३६ चंही मिळतं आणि ५८ चंही. पन्हा माहीत नसताना "किती मीटर" याला उत्तरच नाही.

आता स्कर्ट, कारण खरा फरक तिथेच पडतो. सहावीतल्या मुलीची कंबर २६ इंच आणि स्कर्टची लांबी २४ इंच धरू. बॉक्स प्लेट वरून जेवढी रुंद दिसते, त्याच्या दुप्पट कापड तिच्या मागे दुमडलेलं असतं. म्हणजे कमरेभर एकाला एक लागून प्लेट असतील तर कमरेच्या तिप्पट घेर लागतो: २६ चे ७८, आणि जोड व चेनसाठी तीन इंच माया, झाले ८१ इंच. पन्हा ५८ चा, त्यामुळे एका लांबीत हा घेर बसत नाही, दोन लांब्या जोडाव्या लागतात. २४ इंच लांबीला खालची दुमड चार इंच आणि वरची माया एक इंच धरली की एक लांबी २९ इंचांची होते. एका स्कर्टला अशा दोन, म्हणजे ५८ इंच, म्हणजे जवळपास दीड मीटर. दुकानदाराचे तीन मीटर इथून येतात.

पण दोन लांब्या जोडल्या की घेर ११६ इंच मिळतो आणि लागतात ८१. उरलेलं ३५ इंच रुंद कापड कातरणीत जातं, आणि दुसऱ्या स्कर्टलाही तेवढंच जातं. त्याऐवजी दोन स्कर्टांसाठी मिळून तीन लांब्या घ्यायच्या आणि तिसरी मधोमध उभी कापायची. प्रत्येक स्कर्टला ५८ आणि २९ मिळून ८७ इंच येतात. ८१ घेरात गेले, उरलेल्या सहा इंचांच्या उभ्या पट्टीतून कमरेचा बेल्ट निघतो. तीन लांब्या म्हणजे ८७ इंच, म्हणजे २ मीटर २१ सेंटिमीटर. दुकानात कापड क्वचितच सरळ कापलं जातं, म्हणून २ मीटर ३० घ्या. जोड प्लेटच्या आतल्या घडीत लपवला की बाहेरून अजिबात दिसत नाही. शिंप्याला कापड देतानाच "दोन्ही स्कर्ट एकत्र बेता, तीन लांब्यांत" असं सांगा. ज्याला काम येतं त्याला एवढं पुरतं.

त्याआधी शाळेचा नमुना मात्र नीट बघा. बऱ्याच शाळांच्या स्कर्टला कमरेभर प्लेट नसतात, पुढे दोन आणि मागे दोन एवढ्याच असतात, बाकी भाग सपाट. तीन इंच रुंदीच्या एका प्लेटला सहा इंच जास्तीचं कापड लागतं, चार प्लेटना २४. कमरेचे २६ आणि मायेचे ३ मिळवले की घेर ५३ इंच. हा एकाच लांबीत बसतो, आणि बाजूला उरलेल्या पाच इंचांत बेल्टही निघतो. मग दोन स्कर्टना १ मीटर ६० सेंटिमीटर पुरे. म्हणून दुकानात जाण्याआधी नमुन्याच्या प्लेट मोजा. ते जमत नसेल तर वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या स्कर्टचा पुढून आणि मागून फोटो काढून आणा.

इथे एक फसवणूक चालते, तीही सांगते. कमरेभर प्लेटचा स्कर्ट काही ठिकाणी एकाच लांबीत, ५८ इंचांतच बसवतात आणि उरलेलं कापड परत देत नाहीत. टांगलेला असताना स्कर्ट बरोबर दिसतो. पण प्लेट उथळ असल्यामुळे मुलगी खाली बसली की त्या पसरतात, आणि दोन-तीन धुण्यांत सपाट होतात. ओळखायला सोपं आहे. स्कर्ट उलटा करून एका प्लेटची मागची बाजू बघा. पुरी बॉक्स प्लेट असेल तर दोन्ही बाजूंच्या घड्या मधोमध एकमेकींना टेकलेल्या असतात. मधे बोटभर फट असेल तर प्लेटमध्ये कापड कमी घातलंय.

स्कर्टचं कापड पॉलिस्टर जास्त असलेलं घ्या. शुद्ध सुतीला इस्त्रीची घडी टिकत नाही, रोज सकाळी प्लेट बसवत बसावं लागेल. चौकड्याचं कापड असेल तर जोडावर आडव्या रेषा जुळवाव्या लागतात, त्यासाठी १५ सेंटिमीटर जास्त घ्या. तुमचं साधं निळं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

शर्टाचं बेतणं सोपं आहे. अंगाची छाती २९ असेल तर तयार शर्ट ३५ चा ठेवतात आणि लांबी २४, म्हणजे माया धरून २६ इंच. पाठीचा भाग साडेएकोणीस इंच रुंद होतो, पुढचे दोन्ही भाग बटणपट्टीसह २४. छत्तीसच्या पन्ह्यात पाठ आणि पुढा शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून दोन लांब्या लागतात. पाठीशेजारी दोन्ही बाह्या खाली-वर बसतात, पुढ्याशेजारी कॉलर आणि खिसा. असा एक शर्ट १ मीटर ४० मध्ये होतो आणि दोन शर्टना २ मीटर ८० लागतात. ५८ च्या पन्ह्यात पाठ आणि पुढा एका ओळीत मावतात, पण शेजारी उरलेल्या जागेत बाह्या मावत नाहीत, म्हणून एकट्या शर्टाला पाऊण मीटरऐवजी जवळपास एक मीटर घ्यावं लागतं. दोन एकत्र कापले की चारही बाह्या दहा इंचांच्या एका ओळीत बसतात. २६, २६ आणि १० मिळून ६२ इंच, म्हणजे १ मीटर ५८. पावणेदोन मीटर घ्या, थोडी सवड राहते.

छत्तीसचं कापड मीटरला स्वस्त दिसतं म्हणून लोक तेच उचलतात. आमच्याकडे ते ११० रुपये मीटर आणि ५८ चं १७० रुपये. पहिल्याचे २ मीटर ८० म्हणजे ३०८ रुपये, दुसऱ्याचे पावणेदोन मीटर म्हणजे २९८. मीटरचा भाव बघून ठरवू नका, पूर्ण शर्टाचा भाव काढा. पांढरं टेरीकॉट आटत नाही म्हटलं तरी चालेल. शुद्ध सुती घेतलंत तर ते शेकडा तीन ते पाच आटतं, म्हणून रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मगच शिंप्याला द्या, आणि दहा सेंटिमीटर जास्त घ्या.

आता पैशांचा हिशोब. निळं कापड २२० रुपये मीटर धरलं तर २ मीटर ३० चे ५०६ रुपये. पांढऱ्याचे २९८. हाफ शर्टाची शिलाई माझ्याकडे २२० रुपये, दोनचे ४४०. कमरेभर प्लेटच्या स्कर्टला २६० रुपये, दोनचे ५२०, कारण प्लेट मोजून टाचण्यात आणि इस्त्रीत बराच वेळ जातो. एकूण १७६४. बटणं, चेन, हुक, कॉलरचं कॅनव्हास हे काही जण शिलाईत धरतात, काही जण वेगळं लावतात. वेगळं असेल तर दोन जोडांना शंभरेक रुपये धरा, मग १८६४. दुकानदाराच्या हिशोबाने तीन आणि दोन मीटर कापड घेतलं असतं तर हेच २०६० झाले असते. चार प्लेटचा स्कर्ट असेल तर कापड ३५२ रुपयांचं, शिलाई २२० प्रमाणे ४४०, आणि बाकी सगळं तेच धरून एकूण १६३०.

मुलगी सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर आठवीपर्यंत समग्र शिक्षा योजनेतून दोन गणवेश मिळतात, ते आधी शाळेत विचारून घ्या. त्या योजनेत दोन गणवेशांना ६०० रुपये धरलेले आहेत. वरचे आकडे पाहिले की एवढ्यात प्लेटचा स्कर्ट का बसत नाही हे दिसतंच.

सहावी-सातवीत मुली भराभर वाढतात, म्हणून स्कर्टच्या दुमडीत चार इंच धरायला सांगितले. पुढच्या जूनमध्ये दोन इंच सोडता येतील. कमरेला मात्र वाढ ठेवणं अवघड असतं, कारण कमरेभर प्लेट असल्या की माया सोडायची तर सगळ्या प्लेट पुन्हा घालाव्या लागतात. त्यापेक्षा बेल्टच्या दोन्ही बाजूंना थोडं इलॅस्टिक घालून घ्या, दीड-दोन इंचांची सवड मिळते. शर्टाला लांबीपेक्षा छातीत सवड ठेवा. खांदा मात्र बरोबर मापाचा असू द्या, मोठा खांदा दंडावर उतरतो आणि शर्ट दुसऱ्याचा वाटतो.

क्रम असा ठेवा की आधी शिंप्याकडे जाऊन माप द्या, किती कापड आणि कोणता पन्हा हे त्याच्याकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, मग दुकानात जा. दुकानात कापड मीटरपट्टीवर ताणून मोजत असतील तर सैल धरून मोजायला सांगा. ताणलेलं कापड घरी येईपर्यंत दोन-तीन सेंटिमीटरने कमी भरतं, आणि तीन लांब्यांच्या हिशोबात तेवढंही महाग पडतं. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा. मेच्या शेवटच्या आठवड्यात आलेलं काम आम्ही घेतो, पण तेव्हा एकत्र बेतायला निवांतपणा नसतो, आणि पहिला जोड आधी हवा म्हणून तो एकटाच कापला जातो. कापड एप्रिलमध्येच देऊन टाकलंत तर दोन्ही जोड एकाच वेळी टेबलावर येतील.