रोजच्या लांब दुचाकी प्रवासानंतर गुडघे-खुबे आखडणे

प्रश्न: उमरेडजवळच्या गावातून नागपूरला रोज जाणं-येणं, १०० सीसी गाडी, दिवसाला साधारण ९० किमी. संध्याकाळी दिघोरी चौकाकडच्या ट्रॅफिकमध्ये बराच वेळ अडकतो. घरी उतरलो की दोन्ही खुबे आखडलेले असतात, डावा गुडघा समोरून दुखतो, थोडं चाललं की मोकळं होतं. वय ३६, उंची ५ फूट १० इंच. हा संधिवात आहे का? काय करू?

उत्तर:

भाऊ, थोडं चालल्यावर मोकळं होतं, ही तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे. दहाएक मिनिटांत सुटणारा आखडलेपणा बहुतेक वेळा बसण्याच्या पद्धतीतून आलेला असतो. सुजेच्या संधिवातात सकाळी झोपेतून उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून जास्त, कधी तास-दोन तास जखडलेले राहतात. बोटांचे सांधे सुजतात, अंगात कणकण असते. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. तरी खुब्याच्या बाबतीत एक तपासणी विदर्भात राहणाऱ्याने सोडू नये, ती शेवटी सांगतो.

आधी डाव्याच गुडघ्याला का, ते बघू. गुडघा जितका जास्त वाकतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. चालताना हा दाब येतो आणि जातो. गाडीवर पाय एकाच कोनात तासभर अडकलेला असतो, म्हणून दाब सुटत नाही. ट्रॅफिकमध्ये उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवून आपण दर वेळी डावाच पाय खाली टेकतो. शिवाय गिअर पाडणं, हाफ क्लचवर गाडी पुढे ढकलणं आणि पाऊल बाहेर वळवून गाडीचं वजन तोलणं हेही त्याच पायावर येतं. म्हणजे हायवेवर दोन्ही गुडघे सारखे थकतात आणि चौकात डाव्यावर वेगळा ताण येतो.

खुब्याचं कारण निराळं आहे. कमरेच्या मणक्यांपासून जांघेतून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा एक जाड स्नायू आहे. बसलो की तो आखूड होतो, आणि रोज दोन-अडीच तास गाडीवर नि वर दिवसभर खुर्चीत बसलं की आखूडच राहायला लागतो. उतरून एकदम सरळ उभं राहिलं की तो ताणला जातो, म्हणून पहिली चार पावलं माणूस वाकून टाकतो.

हे घरी तपासता येतं. कडक दिवाणाच्या किंवा ओट्याच्या अगदी कडेला बसा, पाठीवर झोपा आणि एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी ओढा. दुसरा पाय कडेवरून मोकळा सोडा. त्या पायाची मांडी पृष्ठभागाला टेकली तर स्नायू ठीक आहे. मांडी हवेत राहत असेल तर तो आखूड झाला आहे. ही तपासणी विणलेल्या खाटेवर करू नका. खाटेला झोळ असतो, कंबर खाली जाते आणि काहीच कळत नाही.

आता गाडी. १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांवर फूटरेस्टची जागा पक्की असते, ती हलवता येत नाही. त्यामुळे गुडघ्याचा कोन सीटच्या उंचीवर ठरतो. फोम तीन-चार वर्षांत बसतो, सीट इंच-दीड इंच खाली जाते. तुमच्या उंचीच्या माणसाला तेवढ्यानेही फरक पडतो. गाडी मेन स्टँडवर लावू नका. कोणाला तरी हँडल सरळ धरायला सांगून दोन्ही चाकं जमिनीवर असताना नेहमीसारखे बसा आणि बाजूने फोटो काढून घ्या. फोटोत खुब्यापासून गुडघ्यापर्यंत आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत रेघ ओढा. गुडघ्यामागचा कोन काटकोनापेक्षा कमी दिसला तर सीट उचलायची गरज आहे.

सीटवाल्याकडे गेलात की त्याला कडक, दाबून बनवलेला फोम टाकायला सांगा, आणि तुम्ही बसल्यावरची सीटची उंची दीड इंचाने वाढवून घ्या. मऊ फोम दुकानात छान वाटतो, पण महिना-दोन महिन्यांत पुन्हा दबतो. वरून बांधायची गादी घेऊ नका. ती ब्रेक मारताना पुढे सरकते आणि गाडीवरचा ताबा जातो. सीटचा उतार टाकीकडे असेल तर तोही सपाट करून घ्या. उतारामुळे माणूस नकळत पुढे घसरतो, गुडघे आणखी वाकतात, आणि घसरू नये म्हणून मांड्या टाकी आवळून धरतात. खुबे थकायला एवढं पुरेसं आहे. सीट वाढवल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीवर नीट टेकतात का ते बघूनच दुकानातून निघा. मागे माणूस बसवत असाल तर हे जास्त महत्त्वाचं.

ब्रेकच्या पायडलकडे कोणी बघत नाही. ते फूटरेस्टवरच्या पावलापेक्षा उंच असेल तर ब्रेक लागू नये म्हणून उजवा पाय वाटभर वर उचलून धरावा लागतो. हे काम जांघेतला तोच स्नायू आणि नडगीचे स्नायू करतात. मेकॅनिककडून पायडल असं लावून घ्या की पाऊल फूटरेस्टवर निवांत असताना चवडा पायडलच्या जरासा वर राहील आणि फक्त घोटा दाबून ब्रेक लागेल. त्याच वेळी ड्रम ब्रेकचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक धरायच्या आधी पायडल रिकामं किती दबतं, तोही बघून घ्यावा. तो बहुतेक गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर असतो, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. गिअर लिव्हरचंही तसंच आहे. गिअर टाकताना गुडघा उचलावा लागत असेल तर लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर दात्यांवरून एक घर फिरवून बसवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे.

पाकीट मागच्या खिशात असेल तर ते आजच शर्टाच्या खिशात टाका. एका बाजूचा खुबा उंच ठेवून ९० किमी बसणं चांगलं नाही.

थांबायचं कुठे, याचंही गणित आहे. सकाळी नागपूरच्या ट्रॅफिकमध्ये शिरायच्या आधी थांबा, पाचगावच्या आसपास. आखडलेल्या पायांनी चौकात शिरलात की तिथला प्रत्येक टेकलेला पाय जड पडतो. संध्याकाळी उलट करायचं. ट्रॅफिक संपलं की लगेच पहिला थांबा घ्या, घर जवळ आहे म्हणून रेटू नका. थांबा दोनच मिनिटांचा असू द्या. चहाच्या टपरीवर पुन्हा बाकड्यावर बसाल तर थांबण्याचा उपयोग होत नाही. उभे राहा, वीस-तीस पावलं चाला, दोन्ही हात कमरेवर ठेवून दोन-तीनदा हळू मागे वाका.

सिग्नलवर वीस-तीस सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर गाडी न्यूट्रलला टाका, पुढचा ब्रेक हाताने धरा, दोन्ही पाय टेका आणि सीटवरून किंचित उठून गुडघे सरळ करा. डाव्या गुडघ्यासाठी एवढी एक सवय मोठी ठरते. गाडी रांगेत सरकवताना पायाने रेटू नका, क्लच सोडून इंजिनलाच काम करू द्या. काही जण हायवेवर पाय मोकळे करायला लेगगार्डवर टाकतात. बरं वाटतं हे खरं, पण मागचा ब्रेक पायाखाली नसतो आणि आपल्या रस्त्यावर गुरं कधी आडवी येतील सांगता येत नाही. ते करू नका.

घरी पोचलात की लगेच मांडी घालून जेवायला बसू नका आणि उकिडवंही बसू नका. आधी पाच मिनिटं अंगणात चाला. मग सतरंजीची घडी करून डावा गुडघा तिच्यावर टेका, उजवं पाऊल पुढे, कंबर ताठ. डावा कुल्ला आवळून कंबर थोडी पुढे न्या, डाव्या जांघेत ताण जाणवला पाहिजे. ३० सेकंद धरा, प्रत्येक बाजूने तीनदा. टेकलेला गुडघा दुखत असेल तर हेच दिवाणाच्या कडेवर, वरच्या तपासणीच्या स्थितीत झोपून करा. इथे बहुतेक जण कंबर मागे वाकवतात, मग ताण जांघेऐवजी मणक्यावर जातो. पाठीत कळ आली तर समजा चुकतंय.

नुसत्या ताणाने गुडघा सुधारत नाही, मांडी नि कुल्ल्यात ताकद लागते. पाठीवर झोपून पाय दुमडा, कंबर वर उचला, पाच मोजा, खाली आणा, असं १० वेळा. मग उंच स्टुलावरून हाताचा आधार न घेता उठा आणि तीन मोजत सावकाश बसा, तेही १० वेळा. दोन्हींच्या दोन-दोन फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. वाटीमागे दुखलं तर स्टूल आणखी उंच घ्या. गाडीतल्या बदलांचा फरक आठवडाभरात कळतो, स्नायूंना सहा आठवडे द्यावे लागतात.

दुखण्याच्या गोळ्यांवर रोजची गाडी चालवू नका. मे महिन्यात ४५ अंशांत घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला धोक्याच्या असतात. आणि कुठल्याही बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादू वाटते, पण जास्त काळ घेतलेल्या स्टेरॉइडने खुब्यातल्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बंद पडू शकतो. यालाच लोक 'बॉल सुकला' म्हणतात.

ती खुब्याची तपासणी याच कारणासाठी. बॉल खराब होण्याची मुख्य कारणं स्टेरॉइड, जास्त दारू आणि सिकलसेल आजार. सिकलसेल विदर्भात भरपूर आहे, म्हणून इथल्या तरुण माणसाची जांघ दुखत असेल तर नुसतं गाडीवर ढकलून चालत नाही. खुर्चीवर बसा, गुडघे जवळ ठेवा आणि एकेक पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. एका बाजूचं पाऊल दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी जात असेल आणि जांघेत कळ येत असेल, तर दुखणं सांध्याच्या आत असण्याची शक्यता जास्त. रात्री झोपेत दुखणं, मांडी घालताना एक पाय न वळणं, लंगडणं न जाणं, यातलं काहीही असेल तर सहा आठवडे थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

एक्स-रे दोन्ही खुब्यांचा एकत्र काढायला सांगा, बाजू ताडून बघता येते. सुरुवातीच्या काळात एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून दुखणं जांघेतच राहिलं तर एमआरआयबद्दल विचारा. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा तुमची तपासणी कधी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट करून घ्या. ती पॉझिटिव्ह आली तर आजार आहे की फक्त वाहक, हे पुढच्या तपासणीत ठरतं. खुब्याचा धोका मुख्यतः आजार असणाऱ्यांना असतो.

गुडघा सुजला, मध्येच अडकला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली तर त्याच दिवशी दाखवा.

तुमचं आखडणं नेमकं जांघेत आहे, बाहेरच्या बाजूला आहे की कुल्ल्यात, ते एका बोटाने दाखवता येतं का बघा आणि बाजूने काढलेल्या फोटोसोबत इथे लिहा. पुढे काय बदलायचं ते त्यावरून सांगता येईल.