‘सेल’ या शब्दाने मेल स्पॅममध्ये जात नाही

प्रश्न: आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे. दिवाळी सेलचा मेल दर वर्षी बऱ्याच लोकांच्या स्पॅममध्ये जातो. सब्जेक्ट लाइन कशी लिहावी, म्हणजे स्पॅमही होणार नाही आणि सणाची वाटेल?

‘सेल’, ‘सूट’, ‘ऑफर’ हे शब्द बिनधास्त वापरा. ‘हे शब्द टाळा’ अशा लांबलचक याद्या फिरत असतात, पण जीमेलसारखे फिल्टर एकट्या शब्दावर निकाल देत नाहीत. मेल पाठवणारा कोण आहे, त्याच्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग, लावल्यात का, आणि त्याच्या आधीच्या मेलवर किती लोकांनी स्पॅमचं बटण दाबलं, याला जास्त वजन असतं. फेब्रुवारी 2024 पासून गूगलचे नियम कडक झालेत: तक्रारींचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली ठेवा, 0.3 ला पोहोचूच देऊ नका. म्हणजे इनबॉक्समध्ये गेलेल्या हजार मेलमागे तिघांनी बटण दाबलं तरी तुम्ही गोत्यात. डोमेनचं काम झालं नसेल तर आधी ते करून घ्या, त्याशिवाय सब्जेक्टवर डोकं खपवण्यात अर्थ नाही.

सब्जेक्टचा संबंध येतो तो या बटणाशी. साधारण अशी ओळ घ्या:

🪔🪔 दिवाळी धमाका!!! 70% पर्यंत सूट, आजच शेवटचा दिवस 🎆🎆

उघडल्यावर कळतं की 70 टक्के फक्त ब्लाउजपीसवर आहेत, आणि ‘शेवटचा दिवस’ उद्याही येतो. चिडलेलं गिऱ्हाईक अनसबस्क्राइब शोधत बसत नाही, सरळ स्पॅम दाबतं. शिवाय मोबाइलवर साधारण 30-40 अक्षरंच दिसतात, आणि त्यातली पहिली जागा दिवे आणि ‘धमाका’ खाऊन टाकतात. हीच ओळ मी अशी लिहीन:

पाडव्यासाठी इरकली साड्या, 20% सूट 🪔

आणि तिच्याखाली दिसणाऱ्या प्रीहेडरमध्ये: ‘शुक्रवारपर्यंत ऑर्डर दिलीत तर पाडव्याआधी घरपोच.’ सूट खरोखर त्याच साड्यांवर हवी, आणि शुक्रवारची मुदत खरी हवी. दिवा एकच, तोही शेवटी. कापला गेला तरी काही बिघडत नाही. दुकानाचं नाव सब्जेक्टमध्ये घालू नका, ते पाठवणाऱ्याच्या नावात असू द्या. आणि उत्तर आल्याचा भास व्हावा म्हणून पुढे ‘Re:’ लावायची युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका.

सणाचा रंग ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ने येत नाही, तो त्या आठवड्यात प्रत्येक इनबॉक्समध्ये असतोच. दिवाळीतला दिवस पकडा. पाडव्याची साडी नवरा बायकोसाठी घेतो, भाऊबीजेची भाऊ बहिणीसाठी. हा भाऊ घाईत असतो आणि त्याला इरकल की नारायण पेठ यातलं काही कळत नसतं, त्याला बजेट कळतं. म्हणून त्याला ‘भाऊबीजेची ओवाळणी, 1500 रुपयांच्या आत’ ही ओळ चालते. फक्त ती वसुबारसेच्या आधी जाऊ द्या. लक्ष्मीपूजनाच्या आसपास कुरिअरला सुट्ट्या असतात, आणि भाऊबीजेनंतर पोहोचलेल्या साडीवरून जी बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

आता मराठी सब्जेक्टची एक खास भानगड. मेलच्या हेडरमध्ये देवनागरी तशीच्या तशी जात नाही, ती आधी एन्कोड करावी, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रूपात बदलावी लागते. ‘दिवाळी’ हा शब्द आत असा दिसतो:

```
Subject: =?UTF-8?B?4KSm4KS/4KS14KS+4KSz4KWA?=
```

मेल पाठवायच्या तयार सेवा हे आपोआप करतात. गडबड होते ती बिलिंग सॉफ्टवेअरमधून किंवा कोणीतरी लिहून दिलेल्या स्क्रिप्टमधून मेल गेले की. एन्कोड न करता देवनागरी पाठवली तर स्पॅमअसॅसिनसारखा फिल्टर `SUBJ_ILLEGAL_CHARS` या नियमाखाली स्पॅमचे गुण चढवतो. शिवाय `=?` पासून `?=` पर्यंतच्या अशा एका तुकड्याला 75 अक्षरांची मर्यादा आहे, आणि काना-वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे एका तुकड्यात देवनागरीची 15च चिन्हं मावतात. लांब ओळीचे तुकडे पडतातच. स्क्रिप्टने चिन्हाच्या मध्येच तोडलं तर त्या जागी � असे चौकोन उमटतात. मजकूर निर्दोष असूनही मेल बनावट वाटतो.

पाठवण्याआधी स्वतःच्या जीमेलवर एक मेल मागवा आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘Show original’ उघडा. वर SPF, DKIM, DMARC पुढे PASS आहे का ते बघा, आणि खाली Subject ची ओळ `=?UTF-8?` ने सुरू होते का तेही. मेल ‘Promotions’ टॅबमध्ये आला असेल तर घाबरू नका. तो स्पॅम नव्हे, आणि दिवाळीच्या आठवड्यात साड्या शोधणारे तिथे मुद्दाम डोकावतात.