सेकंडरी करेक्शन : दुय्यम, दुसरी की निवडक?

«व्हिडिओ एडिटिंगच्या एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात ‘सेकंडरी कलर करेक्शन’ आलं, मी ‘दुय्यम रंगांची दुरुस्ती’ असं लिहिलं. आमच्या ओळखीच्या एका कलरिस्टने वाचून हसून घेतलं, पण चूक काय ते नीट सांगितलं नाही. पुढे ‘व्हिनेट’ आहे, कोशात ‘शब्दचित्र’ दिलंय, ते तर मलाच पटत नाही. वाक्य साधारण असं आहे : सेकंडरी वापरून साडी आयसोलेट करा, मग व्हिनेट द्या. मराठीत काय म्हणावं?»

हसण्याचं कारण सांगतो. चित्रकलेच्या तासाला आपण शिकलो ते दुय्यम रंग म्हणजे नारिंगी, हिरवा आणि जांभळा. तुमचं भाषांतर वाचणाऱ्याला वाटेल की लाल, पिवळा, निळा सोडून फक्त या तिघांची दुरुस्ती करायची आहे. मूळ शब्दात ‘सेकंडरी’ हे विशेषण रंगाला लागलेलं नाही, करेक्शनला लागलेलं आहे. आधी एक करेक्शन होतं, ते प्रायमरी, आणि ते अख्ख्या चौकटीला लागतं : उजेड, काळोख, पांढऱ्याचा तोल. त्यानंतर चौकटीतला एकच भाग वेगळा काढून त्यावर जे काम होतं ते सेकंडरी.

म्हणजे ‘दुय्यम दुरुस्ती’ चालेल का? व्याकरणाने चालेल, पण कानाला खोटं वाटतं. फारसीत दुय्यम म्हणजे नुसतं दुसरं. मराठीत आल्यावर त्याला कमीपणा चिकटला. दुय्यम भूमिका, दुय्यम निबंधक, दुय्यम प्रतीचा माल. इथे कमीपणाचा काही संबंध नाही, उलट दिवसाचा बहुतेक वेळ याच कामात जातो. ‘दुरुस्ती’ही थोडी अडचणीचीच. दुरुस्त करायचं म्हणजे काहीतरी मोडलेलं असावं लागतं. साडीचा रंग जरा गडद केला तर त्यात काय मोडलं होतं?

भिंत रंगवणाऱ्यांचा ‘दुसरा हात’ मला क्षणभर मोहात पाडतो. पहिला हात झाल्यावर दुसरा, हा क्रम त्यात बरोबर येतो. पण दुसरा हातही सगळ्या भिंतीलाच द्यायचा असतो, आणि सेकंडरीचा जीव तर निवडण्यात आहे. म्हणून माझं मत ‘निवडक रंगकाम’ किंवा जरा पुस्तकी हवं असेल तर ‘निवडक रंगशोधन’. पहिल्यांदा येईल तिथे ‘सेकंडरी’ हा शब्दही लिहाच, कारण वाचक उद्या प्रत्यक्ष खोलीत बसला की त्याच्या कानावर तोच पडणार आहे.

आता ‘आयसोलेट करा’. इथे कोश उघडायची गरजच नाही. एडिटिंगच्या टेबलावर बसलेली मराठी माणसं सरळ ‘साडी पकड’ म्हणतात. ‘चेहरा पण पकडला जातोय’, ‘पदर सुटला’ असंही. पकडणं आणि सुटणं या दोन क्रियापदांत अर्धं शास्त्र येतं. ‘विलग करा’ लिहिलंत तर साडी अंगावरून काढल्यासारखं वाटेल, ते टाळा.

पकडायचं म्हणजे नेमकं काय, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की शब्द आपोआप जागेवर बसतील, म्हणून एक शॉट घेऊ. डाळिंबी साडीतली बाई, संध्याकाळचं तिरपं ऊन. उन्हाच्या केशरी झाकेमुळे डाळिंबी साडी पडद्यावर विटकरी दिसते आहे. प्रायमरीत सगळी केशरी झाक काढली तर साडी ताळ्यावर येईल, पण संध्याकाळ मरेल. म्हणून झाक थोडीच काढायची, आणि साडीचं वेगळं बघायचं.

रंगचक्रावर लाल 0 अंशावर आणि पिवळा 60 अंशांवर धरतात. माणसाची त्वचा, वर्ण कुठलाही असो, या दोहोंच्या मधे पडते, साधारण 20 अंशांच्या आसपास. आपली विटकरी झालेली साडी 8-10 अंशांवर आहे असं धरा. खरी डाळिंबी शून्याच्या पलीकडे, 350 अंशांकडे असते. म्हणजे साडीला 15-20 अंश मागे फिरवायचं आहे, आणि शेजारीच बसलेल्या त्वचेला धक्काही लावायचा नाही. एवढ्या अरुंद बोळातून हे काम चालतं.

साधन म्हणजे क्वालिफायर. ड्रॉपर घेऊन साडीच्या मधल्या उजेडाच्या भागावर टिचकी मारायची. चुणीच्या अंधारात नको, आणि ऊन चमकतंय तिथेही नको. यंत्र त्या ठिपक्याच्या तीन गोष्टी धरतं : रंगछटा, रंगाचा दाटपणा आणि उजळपणा. मग प्रत्येकीची हद्द आपण कमीजास्त करायची. पकडलेलं तेवढंच रंगीत आणि बाकी सगळं करडं दाखवणारी सोय असते, `Highlight` नावाची. ती लावली की लगेच कळतं : साडी आलीय, पण गालाचे तुकडेही आलेत, ओठ आलेत, टिकली तर अख्खी आलीय.

नवखा माणूस इथे छटेची हद्द आवळत बसतो. त्याने गाल सुटतात, पण साडीच्याही सावलीतल्या चुण्या सुटतात आणि पकड फाटक्या जाळीसारखी होते. त्यापेक्षा दाटपणाची खालची हद्द वर न्यावी. साडी दाट रंगाची आहे, त्वचा त्या मानाने फिकी, त्यामुळे छटा जवळजवळ असूनही दोघी वेगळ्या होतात. उजळपणाची हद्द मात्र सैल ठेवावी, म्हणजे चुण्या परत येतात. जरीचा काठ पिवळ्याकडे असल्याने आपसूक बाहेर राहतो. तो राहू द्यावा. काठ गुलाबी झाला तर पाहणाऱ्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी खुपेल.

ओठ आणि टिकली एवढ्याने सुटत नाहीत, कारण त्या खरंच साडीइतक्या दाट आहेत. तिथे आकार लागतो. साडीभोवती मऊ कडेची एक आकृती काढायची, डोकं बाहेर ठेवायचं, आणि ती बाईच्या हालचालीबरोबर चालवायची, म्हणजे ट्रॅक करायची. छटेने पकड आणि आकाराने कुंपण, दोन्ही मिळून काम होतं. मग साडीची छटा मागे फिरवली की विटकरीची डाळिंबी होते.

हे सगळं थांबवलेल्या फ्रेमवर सुरेख दिसतं, खरी परीक्षा शॉट चालवल्यावर. पकड कच्ची असेल तर साडीच्या कडेला मुंग्या चालल्यासारखी चुळबुळ दिसते. याचं मूळ बहुतेकदा चित्रीकरणात असतं. पुष्कळ कॅमेरे 4:2:0 पद्धतीने साठवतात, म्हणजे उजेडाच्या चार ठिपक्यांमागे रंगाची नोंद एकच. आपण तर रंगावरच पकड बसवतोय, मग कड चौकोनी तुकड्यांची येणारच. पकडीला थोडा `Blur` देऊन आणि बारीक भोकं बुजवून निभावतं, मात्र `Blur` जास्त झाला की साडीभोवती तिच्याच रंगाचं वलय उभं राहतं.

आणखी एक मर्यादा पुस्तिकेत नसेल तर तुमच्याकडून एक टीप घाला. उन्हातली साडी स्वतःचा रंग आजूबाजूला फेकते. हनुवटीच्या खाली, दंडाच्या आतल्या बाजूला तिची तांबूस झाक पडलेली असते. 15 अंश फिरवण्यात ते खपून जातं. पण कुणी म्हणालं ‘हिला मोरपंखी करून टाक’, तर साडी मोरपंखी होईल आणि हनुवटी लालच राहील. डोळा तिथेच अडखळतो.

इथेच ‘दुसरी’ या अर्थाला खरं बळ येतं. पकड ही त्या टप्प्यापर्यंत आलेल्या चित्रावर बसवलेली असते. सेकंडरी झाल्यावर कुणी मागे जाऊन प्रायमरी हलवली की साडीची छटा सरकते, आपण लावलेल्या हद्दीबाहेर पडते, आणि पकड सुटते. क्रम पाळायचा तो यासाठी.

आता व्हिनेट. ‘शब्दचित्र’ हा साहित्यातला अर्थ, इथे निरुपयोगी. पण शब्दाचं मूळ गंमतशीर आहे. फ्रेंचमध्ये ‘व्हिन्य’ म्हणजे द्राक्षवेल, ‘व्हिन्येत’ म्हणजे छोटी वेल. जुन्या पुस्तकांत पानाच्या कडेला, प्रकरणाच्या डोक्यावर काढलेली नक्षी. म्हणजे शब्दशः आपली वेलबुट्टी! साडीवर जी आहे तीच. त्या नक्षीला चौकट नसे, ती कागदात विरत जाई. पुढे कडा विरत गेलेल्या व्यक्तिचित्रांना हे नाव मिळालं, आणि तिथून फोटोच्या काळवंडलेल्या कोपऱ्यांना. वेल केव्हाच गळून पडली, विरणं तेवढं उरलं. तेव्हा ‘वेलबुट्टी द्या’ असं लिहायचा मोह आवरा.

तुमच्या पुस्तिकेत हा शब्द दोन अर्थांनी येऊ शकतो, प्रत्येक ठिकाणी तपासा. रंगकाम करणारे जुने लोक मऊ कडेच्या कुठल्याही आकाराला व्हिनेट म्हणतात. वर साडीला घातलेलं कुंपण हेही त्यांच्या भाषेत व्हिनेटच. त्याला ‘विंडो’, ‘मास्क’ हेही शब्द चालतात, आणि मराठीत ‘मऊ कडेचा आकार’ पुरे. दुसरा अर्थ कोपऱ्यांचा. नजर मधे राहावी म्हणून कडा किंचित गडद करतात. त्याला बोलताना ‘कोपरे दाब’ म्हणतात आणि मला तेच आवडतं. लेन्सच्या दोषाने कोपरे आपोआप काळवंडतात तेव्हा मात्र ‘दाबले’ नको, ‘दबले’ म्हणा. एका काना-मात्रेत हेतू आणि दोष वेगळे होतात.

तुमच्या वाक्यात ‘मग व्हिनेट द्या’ असं आहे, म्हणून तिथे दुसरा अर्थ दिसतो. पुढे आकाशाचं उदाहरण असेल तर तिथे बहुधा पहिला अर्थ निघेल. आकाश छटेने पकडायला गेलं की झाडाची पानं आणि उडते केस कडेला घोळ घालतात, म्हणून वरून खाली विरत जाणारा आकार लावतात. पूर्ण पांढरं पडलेलं आकाश तर छटेने पकडताच येत नाही, कारण त्यात छटाच उरलेली नसते. त्यात निळं ओतलं की भिंत रंगवल्यासारखं दिसतं.

तर तुमचं वाक्य मी असं करेन : «सेकंडरीने, म्हणजे निवडक रंगकामाने, साडी पकडा आणि मग कोपरे हलके दाबा.» ‘हलके’ मूळात नाही, माझ्या पदरचं आहे. नको असेल तर काढा.