गरोदरपणात थायरॉईड आणि रक्तदाबाची गोळी

डॉक्टर, मला सातवा आठवडा सुरू आहे. थायरॉक्सिन आणि टेल्मिसार्टन या गोळ्या चालू ठेवू का?

थायरॉक्सिन मुळीच बंद करू नका. टेल्मिसार्टन मात्र आजच तुमच्या डॉक्टरांना कळवून बदलून घ्या. पहिल्या तिमाहीत बाळ आईच्याच थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते, त्यामुळे थायरॉक्सिनची मात्रा बहुधा वाढवावी लागते आणि साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासतात. टेल्मिसार्टनच्या गटातील औषधांनी, विशेषतः चौथ्या महिन्यापासून, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होऊन गर्भजल घटू शकते. म्हणून आम्ही प्रसूतितज्ज्ञ त्याऐवजी लॅबेटालॉल किंवा निफेडिपिन देतो, पण दमा असल्यास लॅबेटालॉल टाळतो, तेव्हा तसा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. आतापर्यंत घेतलेल्या गोळ्यांमुळे घाबरू नका, कारण मुख्य धोका पुढच्या महिन्यांतला आहे.