तयार उत्तर मधल्या मजकुरापुरतेच ठेवावे

प्रश्न: मी ऑनलाइन कुर्ते विकते. घरी कधी पोचेल, कोणता साइज घेऊ, शिल्लक आहे का, एवढेच दिवसभर विचारले जाते. तयार उत्तरे पाठवली तर कोरडी वाटतात. काय करावे?

उत्तर: मी पुण्यात घरूनच सुती कुर्ते विकते आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील Quick replies वापरते. तेथे मजकूर एकदा साठवला की `/map` यासारखा छोटा शब्द टाइप केल्यावर तो समोर येतो. मात्र पहिली ओळ मी नेहमी हाताने लिहिते आणि त्यात समोरच्या व्यक्तीने जे विचारले आहे त्याचाच उल्लेख करते. साठवलेल्या मजकुरात ‘ताई’ किंवा ‘दादा’ घालू नये, कारण खात्याच्या नावावरून प्रत्येक वेळी ते कळतेच असे नाही.

सर्वाधिक वेळ साइजच्या प्रश्नात जातो. ‘मला एल बसतो’ एवढ्यावर उत्तर देऊ नये, कारण कोणाच्या तक्त्यात अंगाचे माप असते, तर कोणाच्या तक्त्यात तयार कपड्याचे. म्हणून `/map` चा माझा मजकूर असा आहे: ‘आपल्याला नीट बसणारा एखादा कुर्ता सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि ते माप इंचांत कळवा. त्यावरून साइज मी सांगते.’

समजा, साताऱ्याहून कोणी विचारले, ‘निळा एल आहे का? शनिवारपर्यंत मिळेल का?’ मी लिहिते, ‘नमस्कार, निळा एल आत्ताच कपाटात पाहिला, एक शिल्लक आहे,’ आणि त्याखाली `/map`. माप साडेएकोणीस आले, तर दुप्पट करून त्या कुर्त्याचा छातीचा घेर 39 इंच होतो. आमचा तयार एम 38 चा आणि एल 40 चा असल्याने मी एल सुचवते. सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटते. शिवाय सैल कुर्ता बाजूने आत घेता येतो, पण आत पुरेशी माया नसेल तर घट्ट कुर्ता उसवून वाढवता येत नाही.

शनिवारचे वचन मी देत नाही. `/post` मध्ये आपल्या हातातली गोष्ट तेवढी लिहिलेली आहे: ‘पिनकोड कळवा. पैसे आज मिळाल्यास उद्या संध्याकाळपर्यंत पार्सल पोस्टात देते आणि ट्रॅकिंग क्रमांक लगेच पाठवते. कार्यक्रमासाठी हवा असल्यास तारीख सांगा.’ तारीख फारच जवळची असेल, तर पोचण्याची खात्री नाही असे स्पष्ट सांगते. त्यात एखादी विक्री जाते, ती जाऊ द्यावी.

‘शिल्लक आहे’ हे उत्तर मात्र साठवूच नये, कारण सकाळी खरे असलेले वाक्य दुपारी खोटे ठरते. साठवायचे ते त्यापुढचे वाक्य: ‘आज रात्री 9 वाजेपर्यंत आपल्यासाठी बाजूला ठेवते.’ तक्रारीला तर कोणतेही तयार उत्तर पाठवू नये.