नारिंगी पट्टीवरची पांढरी अक्षरं: फॉन्ट वाढवून भागेल का?

प्रश्न: आमच्या माहितीपत्रकात पांढऱ्या कागदावर फिकट करडा मजकूर आहे आणि नारिंगी पट्ट्यांवर पांढरी अक्षरं. मला आणि डिझायनरला नीट वाचता येतं, पण वयस्कर लोक दिसत नाही म्हणतात. फॉन्ट मोठा केला तर भागेल का?

उत्तर: करड्या मजकुराला थोडा फायदा होईल, नारिंगी पट्ट्यांना जवळजवळ नाही. मी बरीच वर्षं छपाईसाठी फाइली तयार करतो, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझं एक पत्रक आईनं हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, तिरकं धरून पाहिलं आणि खाली ठेवलं. त्याच सकाळी तिनं वर्तमानपत्र वाचलं होतं, आणि त्यातला टाइप माझ्या पत्रकातल्या टाइपापेक्षा बारीक होता.

कारण किती बारीक अक्षर ओळखता येतं आणि किती फिकट अक्षर ओळखता येतं, या दोन वेगळ्या क्षमता आहेत. चष्म्याचा नंबर काढतात तो पांढऱ्या फलकावरच्या काळ्याभोर अक्षरांवर. फिकटपणा तपासायचा तक्ता वेगळा असतो, पेली-रॉबसन नावाचा, १९८८ सालचा. त्यात सगळी अक्षरं एकाच आकाराची असतात आणि तीन-तीनच्या गटानं फिकी होत जातात. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, आत प्रकाश कमी पोचतो. मोतीबिंदू असेल तर तो प्रकाश आत विखुरतो आणि अक्षरावर धुकं आल्यासारखं होतं. चष्मा बरोबर असूनही माणूस या तक्त्यावर मागे पडू शकतो. तुमच्या डोळ्यांकडे फरक पकडायची शिल्लक भरपूर आहे, म्हणून फिकं चालून जातं. त्यांच्याकडे ती शिल्लक संपत आलेली असते.

आता तुमची नारिंगी पट्टी. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढतात. काळ्यावर पांढरं म्हणजे २१:१. साध्या मजकुराला निदान ४.५:१ लागतं; १८ पॉइंट किंवा १४ पॉइंट ठळक अक्षराला ३:१ चालतं. नेहमीचा नारिंगी, समजा `#FF9800` या रंगकोडाचा, घेतला तर त्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर येतं जेमतेम २.१६. मोठ्या अक्षरासाठीची सवलत घेऊनही ते नापास होतं, म्हणून नुसता फॉन्ट वाढवून भागत नाही.

मग आपल्याला तो रंग इतका भडक का वाटतो? कारण भडक म्हणजे गडद नव्हे. अक्षराचा बारीक आकार डोळा मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून ओळखतो, रंगावरून फार कमी. आणि उजळपणाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. नारिंगीत हिरवा भरपूर असतो, त्यामुळे तो मुळात उजळच रंग आहे. पत्रकाचा फोनवर फोटो काढा आणि कृष्णधवल करा. पट्टी फिक्या राखाडी रंगाची होईल आणि पांढरी अक्षरं तिच्यात विरघळलेली दिसतील.

त्याच पट्टीवर काळी अक्षरं टाकलीत तर गुणोत्तर थेट ९.७ होतं. मी हेच सुचवेन. पांढरीच हवी असतील तर नारिंगी `#C24E00` इतका तरी गडद करावा लागेल, आणि मग तो नारिंगी राहत नाही, विटकरी होतो. करड्या मजकुराचंही तसंच. `#999999` पांढऱ्यावर २.८५ देतो, `#767676` ला ४.५ चा उंबरठा कसाबसा ओलांडला जातो. पत्रकासाठी मी `#595959` पेक्षा फिका जात नाही. तिथे ७:१ मिळतं.

हे आकडे पडद्याचे आहेत. कागदावर परिस्थिती बहुधा आणखी बिघडते, कारण कागद स्वतः उजळत नाही. करडा रंग काळ्या शाईच्या ठिपक्यांनी छापला जातो, त्यामुळे बारीक अक्षराच्या कडा तुटक येतात. पट्टीतल्या पांढऱ्या अक्षरात शाई कडेनं आत पसरते. नारिंगी पिवळ्या आणि मॅजेंटा शाईचा बनतो. या दोन शाईंच्या छपाईच्या प्लेट केसभर सरकल्या तरी पांढरी रेघ बारीक होते. देवनागरीत याचा फटका जास्त बसतो. ‘ब’च्या पोटातली रेघ बुजली की तो ‘व’ वाटतो, ‘ध’च्या डोक्यावरची फट भरली की ‘घ’, आणि अनुस्वार तर पहिल्यांदा गायब होतो. म्हणून पट्टीत पांढरं ठेवायचंच असेल तर पट्टी गडद आणि अक्षर ठळक घ्या, लाइट वजनाचा फॉन्ट नको.

सगळ्या प्रती छापायच्या आधी त्याच कागदावर एक प्रूफ काढा आणि संध्याकाळी घरातल्या साध्या दिव्याखाली, मजकूर आधी न पाहिलेल्या वयस्कर माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. डिझायनरला आणि तुम्हाला तो पाठ झालेला असतो, त्यामुळे तुमचे डोळे गाळलेली अक्षरं आपोआप भरून काढतात. वाचणारा जिथे अडखळेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. माझ्या आईच्या वेळी पहिली खूण फोन नंबरवर पडली होती.