कलियुगाचा पहिला चरण

‘बाबा, शाळेत आम्हाला ग्रीक कवी हेसिअडची सोन्याचं, चांदीचं, लोखंडाचं युग ही गोष्ट शिकवली. आजी पण फोनवर म्हणते की हे कलियुग आहे. म्हणजे आपले लोक असं मानतात का, की जग फक्त बिघडतच जाणार? मग चांगलं वागायचं तरी कशाला?’

प्रिय मीरा,

तुझ्या प्रश्नातले शेवटचे वाक्य मला लागले. वाईच्या आमच्या घरात ‘कलियुग आहे बाबा’ हे इतके सहज बोलले जाई, की त्याचा कोणाच्या वागण्याशी काही संबंध असेल असे मला लहानपणी कधी वाटले नाही. दुधात पाणी निघाले किंवा नानाकाकांच्या मुलांनी जमिनीची वाटणी मागितली, की बायोआजी ते वाक्य म्हणत असे आणि लगेच आजारी शेजारणीकडे मऊभाताचा डबा पाठवायला उठत असे. ती उठत असे ती कलियुगाला न जुमानता, की कलियुग असल्यामुळेच, हे तिला विचारायचे राहून गेले.

मी युगे प्रथम ऐकली ती गोष्टीत नव्हे, तर संकल्पात. गणेश चतुर्थीला सोवळे नेसून पाटावर बसलेले अण्णा हातात पाणी घेत आणि गुरुजींच्या मागोमाग म्हणत: श्रीश्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे. त्यानंतर भरतखंड येई, गोदावरीचा दक्षिण तीर येई, मग शालिवाहन शक, संवत्सर, महिना, तिथी, वार, नक्षत्र आणि सर्वांत शेवटी आमचे गोत्र व अण्णांचे नाव. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून निघून आमच्या माजघरापर्यंत येणारा तो पत्ता मला फार आवडत असे, आणि त्यात रडगाणे मुळीच नव्हते. आपण काळात नेमके कोठे उभे आहोत, एवढेच तो सांगत असे.

त्या पत्त्यातला ‘प्रथमचरण’ एकदा आकड्यांत मांडून पाहा. पुराणे आणि बहुतेक ज्योतिषग्रंथ कलियुगाची ४,३२,००० वर्षे धरतात. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट आणि कृतयुग चौपट, म्हणजे चारही मिळून ४३,२०,००० वर्षे. धर्म हा बैल मानला, तर तो कृतयुगात चारही पायांवर उभा असतो, प्रत्येक युगात एक पाय गमावतो आणि कलियुगात एका पायावर उरतो. शालिवाहन शकात ३१७९ मिळवले की कलियुगाची गेलेली वर्षे निघतात, म्हणून शके १९४७ मध्ये ती ५,१२६ होती. कलियुगाचा एक चरण १,०८,००० वर्षांचा. म्हणजे अण्णांच्या संकल्पाप्रमाणे आपण या युगाच्या अगदी आरंभी आहोत, जेमतेम सव्वा टक्का वाट चाललो आहोत. पुराणे तर कलियुगाच्या पहिल्या ३६,००० वर्षांना त्याची संध्या, म्हणजे उगवतीचा संधिकालच, म्हणतात. हे ऐकून तुझी निराशा वाढेल, पण हे चक्र पुढे जाऊन पुन्हा कृतयुगावर येते, हेही त्याच हिशेबात आहे.

हेसिअड मला इथे वेगळा दिसतो. इसवी सनापूर्वी सुमारे ७०० च्या आसपास लिहिणाऱ्या त्या कवीने युगांना वर्षे दिलेली नाहीत. त्याच्याकडे एकामागून एक आलेल्या मानवजाती आहेत, आणि कांस्य व लोह यांच्यामध्ये त्याने वीरांची एक बरी जात घातली आहे, त्यामुळे त्याचाही उतार सरळ नाही. आपण या लोखंडी लोकांच्या आधी मरायला हवे होते किंवा नंतर जन्मायला हवे होते, असे तो म्हणतो. त्या ‘नंतर’ या शब्दात काही आशा आहे का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आमच्या पंचांगात मात्र तो ‘नंतर’ मोजता येतो, जरी तो पाहायला आपल्यापैकी कोणीही नसणार.

आणि ही मोजणी सर्वांनी ऱ्हासासाठीच केली असेही नाही. आर्यभटाने चारही युगपाद १०,८०,००० वर्षांचे, अगदी समान धरले. ग्रहांची कोणती आवर्तने किती काळात पुरी होतात, हे मांडण्यासाठी त्याला मोठी संख्या हवी होती, बैलाचे पाय नव्हे. कलियुगाची ३,६०० वर्षे झाली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे तो सांगतो, म्हणूनच इसवी सन ४९९ ही तारीख आपल्याला मिळते. परंपरेला सोडून युगे समान मानली म्हणून ब्रह्मगुप्ताने पुढे त्याच्यावर टीका केली. एकाच नावाच्या युगाकडे एक जण गणित म्हणून आणि दुसरा स्मृतिवचन म्हणून पाहत होता.

आता माझी शंका सांगतो, कारण ती लपवून तुला काही पटवून देणे मला आवडणार नाही. कलियुगाची लक्षणे सांगणाऱ्या पुराणांतल्या याद्या वाचल्या, की त्यांत खोटेपणा, दुष्काळ, लोभी राजे येतात, पण त्याच ओळींमध्ये शूद्र राज्य करतील, शिकवतील, स्त्रिया नवऱ्याचे ऐकणार नाहीत, अशीही दूषणे येतात. ज्यांचा मान कमी झाला, त्यांनी त्याला जगाचा अंत म्हटले, असे मला त्यातून दिसते. धर्मशास्त्रात ‘कलिवर्ज्य’ नावाची एक यादी आहे, म्हणजे पूर्वी चालत असलेल्या पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची. नियोग आणि अश्वमेध तिच्यात आहेत, आणि समुद्रपार गेलेल्या द्विजाने प्रायश्चित्त घेतले तरी त्याला परत पंक्तीत घेऊ नये, हेही आहे. जुने वचन खोटे न ठरवता ते बाजूला ठेवायची ही युक्ती होती. तिने काही क्रूर रूढी थांबल्या, आणि आपल्यासारख्यांसाठी दारही बंद झाले. अण्णांच्या वडिलांना विलायतेला जायचे होते आणि ते गेले नाहीत, एवढे मी घरात ऐकले आहे. कारण कोणी मोकळेपणी सांगितले नाही.

तरीही मी कलियुग हा शब्द टाकून देऊ शकत नाही, आणि त्याचे कारण विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात आहे. गंगेत बुडी मारून वर येताना व्यास म्हणतात की कली चांगला. ऋषी चकित होऊन विचारतात, तेव्हा ते उत्तर देतात: कृतयुगात जे दहा वर्षांनी मिळते, ते त्रेतात एका वर्षाने, द्वापरात एका महिन्याने आणि कलीत एका दिवसरात्रीत मिळते, पूर्वी ध्यान, यज्ञ, पूजा लागत असे, आता कीर्तन पुरते. बायोआजीला हा श्लोक ठाऊक नव्हता, पण आळंदीच्या वाटेवर चालणाऱ्या तिच्या पिढीने हाच विश्वास धरला होता, की या काळात माणसाची थोडी धडपडही मोठी मोजली जाते. तुझ्या ‘कशाला’ला परंपरेतच असलेले हे उत्तर मला खरे वाटते.

मात्र तो अध्याय पुढे वाचलास तर अडशील, म्हणून आधीच सांगतो. व्यास तिथे स्त्रियाही धन्य म्हणतात, आणि कारण असे देतात की पतीची सेवा केली की त्यांना सहज सद्गती मिळते. हे मला मान्य नाही, आणि बायोआजीलाही ते मान्य असेल असे तिच्या आयुष्याकडे पाहून वाटत नाही, कारण आजोबा गेल्यावर तीस वर्षे तिने एकटीने शेती सांभाळली. तुला यातले काय ठेवायचे ते तू ठरव. मी कीर्तनाचा भाग ठेवला आहे.

तुझा,
बाबा